शब्दचर्चा : ‘एक-दोन पोळ्या’चं ‘एग्दोम्पोळ्या’ कसं होतं?

बोरूबहाद्दर : मुलाखतींची ध्वनिमुद्रणं ऐकून लिहून काढायचं काम चालू आहे. बाई भरभर बोलतात तेव्हा ‘एक-दोन पोळ्या’ हे कानाला चक्क ‘एग्दोम्पोळ्या’ असं येतं. हा गावाकडचा उच्चार म्हणायचा की चुकीचा? आणि लिहायचं काय?

वाटसरू : चुकीचा कशाला? सरळ संस्कृत संधी आहे. वाक् + ईश = वागीश, जगत् + नाथ = जगन्नाथ. आपण लिहीत नाही एवढंच.

अनुनासिक : संधीशी नातं आहे, पण ‘वागीश’ इथे लागू पडत नाही. संस्कृतात पुढे स्वर आला तरी क् चा ग् होतो. मराठीत ‘एक आंबा’चा ‘एगांबा’ कोणी करत नाही. ‘एक लाख’, ‘एक माणूस’ यांतही क् तसाच राहतो. पुढे ग, द, ब यांसारखं घोष स्पर्शव्यंजन, म्हणजे हवा पूर्ण अडवून आणि स्वरतंतू कंपवत उच्चारलेलं व्यंजन, आलं तरच तो मऊ होतो.

बाईंचं वाक्य सावकाश उलगडून बघा. ‘एक’मधला शेवटचा अ आपण उच्चारतच नाही, त्यामुळे क् थेट द् ला भिडतो. द् साठी स्वरतंतूंचं कंपन हवं असतं. घाईत ते जरा आधीच, क् चालू असतानाच सुरू होतं. झाला ग्. पुढे ‘दोन’च्या न् नंतर प् आहे. प् साठी ओठ मिटायचे असतात, ते न् संपायच्या आतच मिटतात आणि ऐकू येतो म्. म्हणून ‘दोन मिनिटं’चंही ‘दोम्मिन्टं’ होतं. पण ‘दोन आंबे’ म्हणताना न् शाबूत असतो.

दोन्ही बदलांत पुढचा आवाज मागच्यावर स्वार होतो. मध्ये थांबलात, किंवा ‘एक’वर जोर दिलात, की बदल नाहीसा. मोजताना ‘एक, दोन, तीन’ असं तोडून म्हटलं तर क् स्वच्छ ऐकू येतो. यात गाव-शहर हा प्रश्न नाही, वेगाचा आहे.

तिखटमीठ : आमच्या दुसरीतल्या मुलीने श्रुतलेखनात ‘हाद्धुवा’ लिहिलं. तिचे उच्चार सुधारून घ्यावेत का? ‘पाचशे’ला ती ‘पाश्शे’ही म्हणते.

अनुनासिक : उच्चाराला हात लावू नका, तो मोठ्यांसारखाच आहे. तिने जे ऐकलं ते नेमकं लिहिलंय. शब्दातलं मूळ अक्षर शोधायची युक्ती तिला द्या: पुढे स्वराने सुरू होणारा शब्द ठेवायचा. ‘हात आण’ म्हटलं की त् उघडा पडतो, ‘पाच आंबे’ म्हटलं की च्.

‘पाश्शे’ची गोष्ट मात्र थोडी निराळी. तिथे च् मधला अडवणारा भाग गळून निव्वळ घर्षण उरतं. शिवाय ‘पाचशे’ हा एकच जुळलेला शब्द आहे. दोन शब्दांच्या सीमेवरच्या चर्चेत तो नको.

वाटसरू : पण क् चा ‘पूर्ण’ ग् होतो हे कशावरून? कान फसवतो.

अनुनासिक : रास्त शंका. ‘नाक दाखव’ आणि ‘नाग दाखव’ अशी जोडी घ्या. उलट दिशेने ‘बाक कुठाय’ आणि ‘बाग कुठाय’. तिथे ग् चा क् होतो. प्रत्येक वाक्य आधी सावकाश, मग भरभर, पाच-पाच वेळा म्हणवून घ्या आणि क्रम मिसळा, नाहीतर बोलणारा मुद्दाम फरक करतो. मग ‘प्राट’ या मोफत प्रोग्रॅममध्ये ध्वनिचित्र, म्हणजे स्पेक्ट्रोग्राम, उघडा. तोंड बंद असतानाच्या तुकड्यात अगदी तळाशी काळी पट्टी सलग दिसली तर कंपन आहे. तुटली तर तिथे अघोष. पट्टी अर्ध्यावर संपलेलीही आढळेल, म्हणजे बदल अर्धाच झालाय. आधीच्या ‘आ’ची लांबीही मोजा. घोष व्यंजनाआधी स्वर किंचित लांबतो, त्यामुळे शेवटचं व्यंजन सारखं वाटलं तरी ‘नाक’ आणि ‘नाग’ यांच्यातला फरक तिथे शिल्लक असू शकतो.

न्-म् साठी ध्वनिचित्रापेक्षा ओठ बघणं सोपं. फोनवर स्लो मोशनमध्ये चित्रण करा. पण ओठ मिटले म्हणजे जीभ दातांवरून सुटली असं नाही. दोन्ही एकाच वेळी टेकलेले असू शकतात.

बोरूबहाद्दर : मग मी ‘एक-दोन पोळ्या’ असंच लिहितो.

अनुनासिक : मजकुरासाठी तेच. उच्चाराचाच अभ्यास असेल तर खाली वेगळी ओळ द्या. पाणिनीनेही अनुस्वाराचा परसवर्ण, म्हणजे पुढच्या व्यंजनाच्या गटातला अनुनासिक वर्ण, शब्दाच्या आत नेहमीचा मानला, आणि पदाच्या शेवटी मात्र ‘वा पदान्तस्य’ (८.४.५९) म्हणून ऐच्छिक ठेवला. वाटसरूंना हवं असलेलं नातं मला तिथे दिसतं.

वाटसरू : हे पटलं. पण मग ‘कोण पाहिजे’चं ‘कोम्पाहिजे’ व्हायला हवं. मी तसं ऐकलंय.

अनुनासिक : मला तिथे ण् टिकलेलाच ऐकू येतो. ‘सात पोळ्या’चंही ‘साप्पोळ्या’ होत नाही. अनुनासिकं ओठांकडे सहज सरकतात, त-ट सरकत नाहीत. ण् कोणत्या गटात जातो ते बोलणाऱ्यावर ठरत असावं. ज्यांच्या बोलीत ‘पाणी’चं ‘पानी’ होतं त्यांचं ‘कोन पाहिजे’ वेगळं वागेल.

तिखटमीठ : आमच्या घरी ‘पानी’च म्हणतात. सासूबाईंचं ‘कोन पाहिजे’ रेकॉर्ड करून इथे टाकते.