शब्दशोधाचा तक्ता टाइप करताना पुसट घर: अंदाजाने भरायचं की ‘?’ टाकायचं?

सातरस्ता: आत्याने सोलापूरहून रविवारच्या पुरवणीतल्या शब्दशोधाचा फोटो पाठवलाय. घरच्या ग्रुपवर सगळ्यांना सोडवता यावा म्हणून ओळीखाली ओळ टाइप करतोय. तिसऱ्या ओळीतलं एक अक्षर घडीत गेलंय. अंदाजाने भरू का? आणि अक्षरं सलग लिहू की मध्ये जागा सोडू?

शेंगाचटणी: सलग लिही बे. अक्षरं वेगळी दिसतातच की. गेलेलं अक्षर गाळ, एकाने काय होतंय?

कोडेपंत: पुष्कळ होतं. हे बघा:

```
अ क्क ल को ट
सां गो ला त मो
बा र्शी ढा ? हो
क र मा ळा ळ
```

शेवटच्या उभ्या रांगेत ‘मोहोळ’ आहे. ‘?’ गाळलंत तर ‘हो’ एक घर डावीकडे सरकतो आणि मोहोळ तुटतं. वाईट म्हणजे आडवी बार्शी शाबूत असते, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. दर ओळीची घरं मोजा, मग शेवटची रांग वरून खाली फोटोशी ताडून बघा.

शेंगाचटणी: मोजायला एक्सेल आहे की. LEN लाव, झालं.

कोडेपंत: लावून बघा. सलग ‘बार्शीढा?हो’ला LEN 11 सांगतं, घरं आहेत 5. एकट्या ‘र्शी’चेच 4 धरले जातात: र, पाय मोडल्याची खूण, श आणि वेलांटी. मध्ये एकेक जागा सोडली की Text to Columns बरोबर 5 घरं पाडतं. मोबाइलवर ‘सां’ रुंद दिसून रांगा वाकड्या होतील, पण त्या सरळ करायला जास्तीच्या जागा घालू नका. त्यातून रिकामी घरं उपटतात.

बाळीवेसकर: माझ्याकडे शब्दकोडं आहे, त्यातल्या काळ्या घरांचं काय करू?

कोडेपंत: काळ्याला #, रिकाम्याला टिंब. कोपऱ्यातले बारीक आकडे तक्त्यात घेऊ नका.

गुरुजी_निवृत्त: ‘?’चा एवढा आग्रह मला पटत नाही. खाली शब्दांची यादी छापलेली असते. त्यातला शब्द त्या घरातून जात असेल, तर अक्षर पक्कंच झालं. भरून टाका.

कोडेपंत: मग तेवढा शब्द तुम्हीच सोडवून दिलात, गुरुजी. शिवाय शब्द डोक्यात ठेवून उतरवलं की डोळा फसतो. पुसट फोटोत रफार आणि अनुस्वार आधी जातात. तिथे ‘शी’ छापलेला असला तरी आपण ‘र्शी’ लिहून मोकळे होतो.

गुरुजी_निवृत्त: पण ‘?’ ठेवलंत आणि शब्द तिथूनच जात असेल, तर तो कुणालाच सापडायचा नाही. त्यापेक्षा भरा, आणि खाली लिहा की हे अक्षर यादीवरून घेतलंय.

सातरस्ता: यादीच फोटोत आलेली नाही हो. आत्याला घडी उलगडून, कागद सपाट ठेवून, वरून पुन्हा फोटो काढायला सांगितलंय. तोवर ‘?’.

शेंगाचटणी: यादीसकट काढायला सांग की मग.