मदत हवी आहे: उंदरांनी कुरतडलेली वायरिंग, वितळलेला कपलर आणि मधूनच उडणारा फ्यूज (१५० सीसी बाईक)

पार्किंगतळ

गाडी १५० सीसी, कार्ब्युरेटरवाली, बीएस४. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पावसाळाभर कव्हर घालून उभी होती. सीट काढली तर एअर फिल्टरच्या डब्यामागे कागदाचा चुरा, चिंध्या आणि लेंड्या. मुख्य वायरिंगवरचं काळं आवरण दोन ठिकाणी कुरतडलंय. एक जागा सीटखाली, दुसरी टाकीच्या पुढच्या टोकाखाली. टाकीखालची जागा नीट दिसत नाही.

लक्षणं अशी:

हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट आणि मीटर यांचा १० अँपिअरचा फ्यूज मधूनच उडतो. जागेवर उभ्या गाडीत काही होत नाही, बाहेर काढली की कुठल्या तरी वळणावर उडतो.

ब्रेक लाइट कधी नीट लागतो, कधी मिणमिणतो. बल्ब नवा आहे. स्विचपासून बल्बपर्यंतची वायर मल्टिमीटरवर बीप देते, म्हणजे ती ठीक असावी.

रेग्युलेटरजवळच्या तीन पिवळ्या वायरींचा पांढरा कपलर तपकिरी पडलाय आणि एका पिनेभोवती प्लॅस्टिक वितळलंय.

गॅरेजमध्ये सांगितलं की सगळं वायरिंग किट बदला. माझ्याकडे मल्टिमीटर आणि सोल्डरिंगचं सामान आहे. हे सगळं एकाच बिघाडामुळे होतंय का? सुरुवात कुठून करू?

थ्रॉटल_राजा

सरळ रेग्युलेटर गेलाय. व्होल्टेज वाढतं, त्याने कपलर जळतो आणि फ्यूजही उडतो. रेग्युलेटर बदला, सगळं एकदम सुटेल. तोवर १० च्या जागी २० चा फ्यूज टाका, निदान रस्त्यात अडकणार नाही.

वायरमन_सांगली

राजाभाऊ, रेग्युलेटर तपासायला हवा हे बरोबर. इंजिन साधारण ४००० आरपीएमवर ठेवून बॅटरीच्या टोकांवर डीसी व्होल्ट मोजा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आलं तर रेग्युलेटर आपलं काम करतोय. १५ च्या वर जात असेल तर बदला. पण व्होल्टेज जास्त असतं तर फ्यूजने वळणाची वाट पाहिली नसती.

२० चा फ्यूज मात्र अजिबात नको. फ्यूज असतो तो वायर वाचवायला. या सर्किटच्या वायरी बारीक असतात. मोठा फ्यूज टाकला की शॉर्टच्या वेळी फ्यूज टिकेल आणि टाकीखाली वायर जळेल. वर पेट्रोल आहे.

पार्किंगतळ, माझ्या मते तुमच्याकडे तीन वेगळे बिघाड आहेत. दोन उंदराचे, एक कपलरचा. आधी फ्यूजचा घ्या.

वळणावर उडतो म्हणजे हँडल फिरताना कुठली तरी उघडी वायर चासीला टेकतेय. ती शोधायला फ्यूजवर फ्यूज जाळू नका. १२ व्होल्ट २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब घ्या, होल्डरला दोन वायरी लावा आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी तो जोडा. आता कितीही पक्का शॉर्ट झाला तरी बल्बमुळे पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाणार नाही. हेडलाइट त्याच फ्यूजवर असेल तर तिचा कपलर काढून ठेवा, नाहीतर बल्ब पेटलेलाच राहील.

किल्ली ऑन, बाकी सगळे स्विच बंद. मीटरपुरता बल्ब अगदी मंद लागेल किंवा लागणारच नाही. आता हँडल हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. ज्या क्षणी बल्ब पूर्ण पेटेल तिथे हँडल तसंच धरून ठेवायला कोणाला तरी सांगा आणि त्या सर्किटचे कपलर एकेक करून काढा: पुढचा ब्रेक स्विच, हॉर्न, इंडिकेटर, मीटर. जो काढल्यावर बल्ब विझतो त्या फांदीत शॉर्ट आहे. सगळे काढूनही विझला नाही तर शॉर्ट मुख्य जुडीत. मग जुडी बोटांनी एक-एक वीत दाबत, वाकवत पुढे सरका आणि नजर बल्बवर ठेवा.

हात घालण्याआधी हातमोजे घाला. लेंड्या आणि चुरा कोरडा झाडू नका. बॅटरीची निगेटिव्ह काढा, जंतुनाशकाने भिजवलेल्या फडक्याने चुरा ओला करून उचला. पावसाळ्यात लेप्टोचा धोका खरा आहे. प्रेशर वॉशर तर नकोच, कुरतडलेल्या वायरींत पाणी जाईल.

निसर्गमित्र

डांबराच्या गोळ्या कापडात बांधून सीटखाली ठेवा, उंदीर फिरकत नाहीत. तंबाखूची पूडही चालते. हल्ली वायरीच्या आवरणात सोया असतं म्हणून उंदीर येतात असं वाचलंय.

थ्रॉटल_राजा

मित्रा, प्रश्न बिघाड शोधण्याचा आहे. आणि सोया नसलेल्या जुन्या गाड्यांच्या वायरीही उंदीर कुरतडायचेच. त्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवायला त्यांना काहीही चालतं.

निसर्गमित्र

गोळ्यांनी आमच्याकडे फरक पडलाय, एवढंच सांगतो.

पार्किंगतळ

टाकी काढून बल्बची युक्ती केली. हँडल पूर्ण डावीकडे नेलं की बल्ब झगझगीत पेटतो, सरळ केलं की विझतो. पुढच्या ब्रेक स्विचचा कपलर काढला तरी पेटलेलाच, हॉर्न काढला तरी तेच. जुडी दाबत गेलो तर स्टिअरिंगच्या मानेजवळ, क्लॅम्पच्या आत, एका तपकिरी वायरीचं आवरण पाऊण इंच गायब. डावीकडे वळल्यावर ती जुडी ताणली जाऊन मानेच्या वेल्डिंगला टेकते. शेजारच्या दोन वायरींवरही दातांच्या खुणा आहेत, पण तांबं दिसत नाही.

आता टेप गुंडाळू का? आणि ब्रेक लाइटचं काय, तिथे तर बीप येतोय.

वायरमन_सांगली

छान शोधलंत. टेप नको. इंजिनच्या उष्णतेने तिचा चिकटा सुटतो, पाणी आत राहतं आणि आतल्या आत तांबं हिरवं पडतं. उघडा भाग कापून टाका. दोन्ही बाजूंचं तांबं लखलखीत लागेपर्यंत मागे या. काळं किंवा हिरवं तांबं सोल्डर धरत नाही. मध्ये तेवढ्याच जाडीची वायर घाला, शक्यतो त्याच रंगाची, पुढच्या माणसाला कळायला. प्रत्येक जोडाला आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह. जोडण्याआधी स्लीव्ह वायरीत ओवून ठेवा आणि सोल्डर करताना ती लांब सरकवा. दोन जोड एकमेकांसमोर येऊ देऊ नका. मानेजवळ मात्र जोड नकोच. वायर तिथे रोज वाकते आणि सोल्डर संपतो त्या ठिकाणी तुटते. मानेच्या पुढे एक आणि मागे एक असे जोड घ्या, मधला तुकडा सलग ठेवा. दातांच्या खुणा असलेल्या वायरींवरचं आवरण किती खोल गेलंय ते वाकवून पाहा. वाकवताना भेग उघडली तर त्यांचंही हेच करा.

आता बीप. बहुतेक मीटरमध्ये बीप ३० ते ५० ओहमच्या खाली काहीही असलं तरी वाजतो. मीटर वायरीतून जेमतेम मिलिअँपिअर पाठवतो, ब्रेकच्या बल्बला पावणेदोन अँपिअर लागतात. त्यामुळे वायर तपासायची ती लोडवर. बल्ब जोडलेला ठेवा, ब्रेक दाबून धरा आणि मीटर डीसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर आणि बल्बच्या होल्डरवर मोजा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर मध्ये काहीतरी खातंय.

पार्किंगतळ

बल्ब काढून होल्डरवर १२.४ आले. बल्ब लावून ब्रेक दाबला तर ९.१! बॅटरीवर त्याच वेळी १२.३. म्हणजे तीन व्होल्टच्या वर वाटेतच जातात?

वायरमन_सांगली

हो. साधारण दीड अँपिअरला ३.२ व्होल्ट, म्हणजे दोन ओहमच्या थोडं वर. बीपला दोन ओहम दिसतच नाहीत. आता एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर ठेवा आणि दुसऱ्या टोकाने ब्रेक दाबलेला असताना पुढे पुढे जा: फ्यूजच्या आधी, फ्यूजनंतर, ब्रेक स्विचच्या आधी, नंतर, मग सीटखालचा कपलर. आकडा जिथे एकदम उडी मारतो तिथेच बिघाड. कुठेच उडी नसेल तर अर्थची बाजू पाहा, बॅटरीच्या निगेटिव्हपासून होल्डरच्या बॉडीपर्यंत.

मुलुंडची_मीरा

मध्येच विचारते. माझ्या स्कूटरचाही तीन जाड वायरींचा कपलर जळलाय. गॅरेजवाले दादा म्हणतात कपलर कापून वायरी थेट जोडतो, कुठली कुठेही जोडली तरी चालते. स्कूटरला आवाज न करता चालू होणारा स्टार्टर आहे. जोडू देऊ का?

थ्रॉटल_राजा

चालतं ताई, तीन फेजच्या वायरींना क्रम नसतो. खूप गाड्यांत असंच करतात.

वायरमन_सांगली

पार्किंगतळ यांच्या बाईकला ते लागू आहे. तिथे स्टेटर फक्त वीज बनवतो आणि रेग्युलेटरला तिन्ही फेज सारख्या. मीराताई, तुमच्या स्कूटरमध्ये तोच स्टेटर स्टार्टर म्हणूनही फिरतो. तिथे क्रम चुकला तर इंजिन नीट फिरणार नाही. शिवाय स्टार्टच्या वेळी त्या वायरींतून कितीतरी जास्त करंट जातो, साधा जोड टिकणार नाही. कापण्याआधी प्रत्येक वायरीला दोन्ही बाजूंनी खूण करायला सांगा, आणि मूळ मापाचा कपलर मिळत असेल तर तोच घाला.

बाईकच्या कपलरबद्दल. राजाभाऊ म्हणतात तसं जास्त व्होल्टेज लागत नाही. पिन सैल झाली किंवा गंजली की जोडात ०.१ ओहम पुरतो. ८ अँपिअरला सहा वॅटच्या वर उष्णता एका पिनेवर, म्हणजे लहान सोल्डरिंग आयर्न प्लॅस्टिकमध्ये खुपसल्यासारखं. या गाड्यांचा रेग्युलेटर बहुधा जास्तीची वीज शॉर्ट करून जिरवतो, त्यामुळे हेडलाइट बंद ठेवली तरी स्टेटरच्या वायरींतला करंट फारसा कमी होत नाही.

नवं प्लॅस्टिक घालून जुन्या पिना वापरल्या तर तोही जळतो, कारण तापलेल्या पिनेची स्प्रिंग मेलेली असते. दोन्ही बाजूंच्या पिना नव्या घ्या, वायर कडक आणि काळी असेल तिथवर कापा आणि पिना क्रिंपिंगच्या पक्कडीने दाबा, साध्या पक्कडीने नाही. झाल्यावर इंजिन चालू ठेवून मीटर एसी व्होल्टवर, कपलरच्या मागून एकाच वायरीच्या अल्याड-पल्याड मोजा. तिन्ही आकडे शून्याच्या जवळ आणि एकसारखे हवेत.

पार्किंगतळ

ब्रेक लाइटची उडी सीटखालच्या कुरतडलेल्या जागेतच निघाली. आवरण सोललं तर आतल्या बहुतेक तारा तुटून नुसत्या एकमेकींना टेकलेल्या, सगळं हिरवं. बदलल्यावर होल्डरवर १२.१. मानेजवळचा तुकडाही बदलला, बल्ब लावून हँडल कितीही फिरवलं तरी पेटत नाही. कपलर केला, तिन्ही पिना ०.०५ च्या आत.

एक राहिलंच. बॅटरी रात्री १२.७ असते, दोन दिवस उभी ठेवली की १२.३. कपलर उंदराच्या मुतामुळे जळला की आधीच सैल होता, हेही कळलं नाही.

थ्रॉटल_राजा

बॅटरी म्हातारी झाली असेल. पावसाळाभर उतरलेली पडून होती ना.

वायरमन_सांगली

तेही असू शकतं. कपलरचं आता कोणालाच सांगता येणार नाही, जळालेल्या पिनेवर पुरावा राहत नाही.

बॅटरीसाठी आधी किल्ली बंद करून किल्ली काढून घ्या. निगेटिव्ह केबल सोडवा आणि केबल व बॅटरी यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या भोकातून जोडा. मीटर जोडलेला असताना किल्ली फिरवू नका, स्टार्टर तर मुळीच नको, मीटरचा फ्यूज जाईल. तुमच्या गाडीत घड्याळ असेल तर एखाद-दोन मिलिअँपिअर ठीक. १० च्या वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा, आणि फ्यूज काढूनही उतरत नसेल तर रेग्युलेटरचा कपलर काढून पाहा. तो फ्यूजच्या अलीकडून बॅटरीला जोडलेला असू शकतो. करंट काहीच निघाला नाही तर बॅटरी पूर्ण चार्ज करून, दोन्ही केबल काढून दोन दिवस बाजूला ठेवा. तरीही १२.३ झाली तर राजाभाऊ बरोबर. आकडा इथे टाका.