मदत हवी आहे: स्टीअरिंगच्या तक्रारीबद्दल कंपनीला नेमकं काय विचारू?

नमस्कार मंडळी. एक हॅचबॅक बुक करायची आहे, पण वर्षभरापूर्वी ती घेतलेल्यांची एक तक्रार सारखी कानावर येते: हायवेवर सरळ जाताना स्टीअरिंग मधोमध किंचित अडकतं आणि मग झटक्याने सुटतं. इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगच्या वर्म गिअरमध्ये घर्षण वाढलं की असं होऊ शकतं.

कस्टमर केअरला मेल टाकला, "नव्या बॅचमध्ये हे दुरुस्त झालंय का?" उत्तर आलं, जवळच्या डीलरला भेटा. तो तर गाडी विकायलाच बसलाय!

आता पुन्हा लिहितोय: स्टीअरिंग कॉलमचा पार्ट नंबर बदललाय का, आणि बदलला असेल तर कोणत्या चॅसिस नंबरपासून? म्हणजे मोघम उत्तर देता येणार नाही. यात आणखी काय विचारावं? आणि छोट्या टेस्ट ड्राइव्हमध्ये हा दोष कसा ओळखायचा?