गृहकर्जात ४ लाख भरतोय: मुदत कमी करावी की हप्ता?

शिक्षिका, रावेर: गृहकर्जाचे २० लाख बाकी, १५ वर्षं उरलीत. व्याज ८.५ टक्के, बदलतं. हप्ता १९,६९५. यंदाच्या केळीचे ४ लाख कर्जात भरतोय. बँकेत विचारतात, मुदत कमी करायची का हप्ता? पगार माझा एकटीचा, बाकी सगळं केळीवर.

जळगावकर: ताई, मुदतच कमी करा. हप्ता तोच ठेवला तर कर्ज १० वर्षं २ महिन्यांत फिटतं, पुढचं व्याज ७.९ लाख. हप्ता कमी केला तर तो १५,७५६ होईल, पण १५ वर्षं भरत बसायचं आणि व्याज जाणार १२.३६ लाख. हप्ता कमी करणाऱ्याकडून बँक साडेचार लाख जास्त काढते.

चोपड्याचा दुकानदार: आधी दंडाचं विचारा. मी मुदतीआधी पैसे भरले तर २ टक्के कापले होते.

निवृत्त बँक कर्मचारी, धुळे: भाऊ, तुमचं दुकानाचं कर्ज असणार. बदलत्या व्याजाच्या वैयक्तिक गृहकर्जावर बँकांना असा दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेनं २०१२ पासून मनाई केली आहे.

जळगावकर, तुमचे आकडे बरोबर आहेत, कारण मात्र पटत नाही. व्याजदर दोन्हीकडे तोच आहे. साडेचार लाख वाचतात ते दर महिन्याला ३,९३९ रुपये जास्त गेल्यामुळे. ताईंनी हप्ता कमी करून घेतला आणि तेवढेच पैसे स्वतःहून दर महिन्याला मुद्दलात टाकले, तरी कर्ज त्याच सुमारास संपेल. वादळात बाग आडवी झाली, तर त्या वर्षी ते थांबवता येतील. मोठा हप्ता थांबवता येत नाही. तो चुकला की दंड लागतो आणि सिबिल बिघडतं.

भुसावळ, रेल्वे: कागदावर ठीक आहे हो. मीही हप्ता कमी करून घेतला होता. फरकाचे पैसे वर्षभर भरले. मग गाडी घेतली, नंतर बहिणीचं लग्न निघालं. पुढची चार वर्षं एक रुपया मुद्दलात गेला नाही. हप्ता मोठा असता तर झक मारत भरला असता.

निवृत्त बँक कर्मचारी, धुळे: हे मी काउंटरवर खूप पाहिलंय. म्हणून पगाराच्या दिवशीच ३,९३९ वेगळ्या आवर्ती ठेवीत वळते करा आणि वर्षातून एकदा कर्जात भरा. थोडं व्याज जास्त जाईल, पण बऱ्याच ठिकाणी फुटकळ रक्कम मुद्दलात घेतच नाहीत.

काहीही निवडा, अर्ज लेखी द्या. त्यात ‘रक्कम मुद्दलात जमा करावी’ असं लिहा आणि मुदत की हप्ता, तेही लिहा. एका खातेदाराचे १ लाख पुढच्या हप्त्यांपोटी आगाऊ म्हणून पडून राहिले होते. पाच महिने हप्ता कापला गेला नाही, म्हणून तो खूश होता! ताई, भरल्यावर खातेउतारा काढा. मुद्दल १६ लाखांवर आलेलं दिसलं पाहिजे. नवं परतफेडीचं वेळापत्रकही मागून घ्या.

जळगावकर: वादळाचं मान्य. पण ज्यांचा पगार पक्का आहे, त्यांनी मुदतच कमी करावी, हे माझं मत कायम.

शिक्षिका, रावेर: दोन वर्षांमागे जूनच्या वाऱ्यात आमची निम्मी बाग पडली होती, तेव्हा तीन हप्ते माहेरून आणून भरले. त्यामुळे मन हप्ता कमी करण्याकडे झुकतंय. पण भुसावळच्या दादांसारखं आमचंही होईल का, ही भीती आहे. आवर्ती ठेव माझ्या नावावर ठेवायची, एवढं यांच्याशी आज बोलते.