मदत हवी आहे: डाययुरेटिक्सच्या स्लाइड्सवरून प्रश्नोत्तरे तयार करताना बाणांचा घोळ

पाचवे_सत्र
नमस्कार. मी बी. फार्मच्या पाचव्या सत्रात आहे. फार्माकॉलॉजी-२ मधील डाययुरेटिक्स या घटकासाठी आम्हाला वर्गात ४८ स्लाइड्सची पीपीटी मिळाली आहे आणि तिच्यावरून मी स्वतःसाठी प्रश्नोत्तरांची वही तयार करीत आहे. पीपीटी आउटलाइन म्हणून `.rtf` मध्ये सेव्ह केली, प्रत्येक मथळ्याचा प्रश्न केला आणि त्याखालच्या मुद्द्यांचे उत्तर केले. असे ११० प्रश्न झाले. परंतु त्यांतील निम्म्याहून अधिक "अमुक औषधाचे दुष्परिणाम लिहा" याच साच्यातील आहेत आणि दोन वेळा वाचूनही काही लक्षात राहिलेले नाही.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. काल मैत्रीण प्रश्न विचारत असताना मी वहीप्रमाणे "फ्युरोसेमाइडमुळे रक्तातील कॅल्शियम वाढते" असे उत्तर दिले, तर पुस्तकात नेमके उलट लिहिलेले निघाले. बाविसाव्या स्लाइडवर चार औषधांचा एक तक्ता आहे आणि त्यात फ्युरोसेमाइडखाली `Ca ↑`, तर हायड्रोक्लोरोथायझाइडखाली `Ca ↓` असे स्पष्ट दिसते. स्लाइड चुकली आहे की मी चुकले आहे?

कॅप्सूल
तक्ते आउटलाइनमध्ये येतच नाहीत, हे आधी लक्षात घ्यावे. मथळ्याची आणि मुद्द्यांची ठरलेली चौकट असते, तिच्यातील मजकूरच आउटलाइनमध्ये उतरतो. तक्ते, चित्रे आणि नंतर वेगळी टाकलेली मजकुराची चौकट मागे राहते. त्यामुळे स्लाइड्स आणि वही शेजारी ठेवून एकदा ताडून पाहा, बरेच काही सुटलेले सापडेल. बाणांविषयी म्हणाल तर ते नेहमी रक्तातील प्रमाणच दाखवतात, म्हणजे ही सरळ छपाईची चूक आहे. दोन्ही बाण उलटे करा आणि पुढे चला.

पाचवे_सत्र
खरे आहे, तो तक्ता आउटलाइनमध्ये नव्हताच. मी तो नंतर हाताने उतरवून घेतला होता.

जुना_खल
थांबा, बाण उलटे करू नका. तक्त्यातील बाण कशाचे आहेत हे ठरवण्यासाठी ज्या ओळीविषयी आपल्याला मुळीच शंका नाही अशी ओळ शोधावी. इथे ती पोटॅशियमची आहे. फ्युरोसेमाइडने रक्तातील पोटॅशियम उतरते आणि स्पायरोनोलॅक्टोनने ते चढू शकते, हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. आता तुमच्या तक्त्यात या दोघांखाली पोटॅशियमचे बाण कोणत्या दिशेला आहेत ते पाहा. फ्युरोसेमाइडखाली वर आणि स्पायरोनोलॅक्टोनखाली खाली असतील, तर तो तक्ता रक्ताचा नसून लघवीतून काय बाहेर पडते याचा आहे, आणि मग कॅल्शियमचे दोन्ही बाण अगदी बरोबर आहेत.

पहिल्या अडचणीचे मूळही इथेच आहे. "दुष्परिणाम लिहा" या प्रश्नाला कारण नसते, म्हणून यादी पाठ करावी लागते आणि ती विसरली जाते. या एका तक्त्यावरून मी केलेला प्रश्न असा असता: "फ्युरोसेमाइड आणि हायड्रोक्लोरोथायझाइड दोन्ही सोडियम बाहेर टाकतात, मग एकाने कॅल्शियम बाहेर जाते आणि दुसऱ्याने ते राखले जाते, असे का?" उत्तर पाच वाक्यांत बसते. हेन्लेच्या लूपच्या जाड चढत्या भागात पोटॅशियम नळीच्या पोकळीत परत झिरपते, त्यामुळे पोकळी किंचित धनभारित राहते आणि हा भार कॅल्शियम व मॅग्नेशियमला पेशींच्या मधल्या फटींतून रक्ताकडे ढकलतो. फ्युरोसेमाइड तिथला सोडियम-पोटॅशियम-क्लोराइडचा वाहक बंद करते, धनभार नाहीसा होतो आणि दोन्ही लघवीत जातात. थायझाइड त्यापुढच्या नळीत सोडियम पेशीत येऊ देत नाही. पेशीतील सोडियम कमी झाले की रक्ताच्या बाजूचा सोडियम-कॅल्शियम बदली वाहक अधिक जोमाने चालतो. त्यामुळे कॅल्शियम रक्तात परत जाते.

याच उत्तरातून पुढचा प्रश्न आपोआप निघतो: वारंवार कॅल्शियमचे मुतखडे होणाऱ्या रुग्णाला या दोनांपैकी कोणते द्याल? इथे तुमच्या वहीतील चुकीचे उत्तर लगेच उघडे पडले असते, कारण लघवीत कॅल्शियम वाढवणारे औषध खडे असलेल्या माणसाला कोणी देणार नाही.

दवाखान्याच्या_दारात
माझ्या वडिलांना पायांवरील सुजेसाठी फ्युरोसेमाइड सुरू आहे आणि त्यासोबत कॅल्शियमची गोळीही आहे. वरील चर्चेवरून असे वाटते की गोळीतील कॅल्शियम वाया जात आहे. ती बंद करावी का?

जुना_खल
हा धागा परीक्षेच्या वहीचा आहे आणि त्यावरून कोणतीही गोळी बंद करू नये. कॅल्शियमची गोळी कोणत्या कारणासाठी दिली आहे हे ज्यांनी लिहून दिली त्यांनाच माहीत आहे. पुढच्या तपासणीच्या वेळी पोटॅशियमचा अहवाल सोबत नेऊन हा प्रश्न त्यांनाच विचारावा.

पाचवे_सत्र
तुम्ही म्हणता तसेच निघाले. पोटॅशियमचे बाण ॲसिटाझोलामाइड, फ्युरोसेमाइड आणि थायझाइडखाली वर आहेत, स्पायरोनोलॅक्टोनखाली खाली. पुन्हा स्लाइड उघडली तर उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत "लघवीतील उत्सर्जन" अशा अर्थाची इंग्रजी ओळही सापडली. ती मजकुराची वेगळी चौकट होती आणि तक्ता उतरवताना मी ती सोडून दिली होती. आता वहीत प्रत्येक बाणाऐवजी "लघवीत वाढते" किंवा "रक्तात कमी होते" असे पूर्ण शब्द लिहिणार आहे.

मात्र याच तक्त्याची शेवटची ओळ आता कोड्यात टाकते. फ्युरोसेमाइड आणि थायझाइड या दोहोंखाली `Uric acid ↑` असे आहे. लघवीत युरिक ॲसिड वाढत असेल तर या औषधांनी गाउट का बळावतो?

जुना_खल
चांगले पकडले. ही औषधे काही काळ चालू राहिली की युरिक ॲसिडचे उत्सर्जन कमी होते आणि रक्तातील प्रमाण वाढते. ही औषधे स्वतः जवळच्या नळीत ज्या मार्गाने स्रवतात तोच मार्ग युरिक ॲसिडही वापरते, शिवाय शरीरातील पाणी कमी झाल्यावर मूत्रपिंड ते अधिक शोषून घेते. म्हणजे ती एकच ओळ रक्ताची दिसते आणि वरच्या ओळी लघवीच्या. बहुधा दोन वेगवेगळ्या तक्त्यांतून ही स्लाइड जुळवली गेली असावी, पण तो माझा अंदाज आहे. वहीत उत्तर रक्ताचे म्हणून लिहा आणि शेजारी प्रश्नचिन्ह ठेवा.

कॅप्सूल
बाणांविषयी माझे चुकले, मान्य आहे. पण "का" विचारणाऱ्या प्रश्नांवरच संपूर्ण वही करणे मला पटत नाही. आमच्या पेपरात दहा गुणांच्या दीर्घ प्रश्नात सरळ "डाययुरेटिक्सचे वर्गीकरण करा" असे येते आणि तिथे यादीच लागते. मी तर प्रत्येक ओळीतील एक शब्द गाळून रिकाम्या जागा करतो आणि त्या ॲन्कीमध्ये टाकतो.

जुना_खल
वर्गीकरणासाठी यादी हवीच, त्यात वाद नाही. पण रिकाम्या जागेत "फ्युरोसेमाइडमुळे कॅल्शियमचे उत्सर्जन ____" असे विचारले तर वाक्याच्या चालीवरूनच "वाढते" सुचते, आणि माणसाला वाटते की आपल्याला येते. यादीसाठी मी एवढेच करतो, की औषधे नेफ्रॉनच्या भागांनुसार क्रमाने विचारतो: जवळची नळी, लूप, दूरची नळी, संग्राहक नळी. उत्तर लिहिताना आकृती काढली की वर्गीकरण बऱ्याच अंशी तिथेच लिहून होते. मॅनिटॉल मात्र या क्रमात नीट बसत नाही, त्याचा प्रश्न वेगळा करावा लागतो.

कॅप्सूल
आमच्याकडे आकृतीला वेगळे गुण देत नाहीत, आणि दोन दीर्घ व सात लघु प्रश्नांच्या पेपरात ती काढायला वेळही उरत नाही. मी रिकाम्या जागांवरच राहीन.

पाचवे_सत्र
मी बाविसाव्या स्लाइडचे आधीचे नऊ प्रश्न खोडून तीन ठेवले आहेत: कॅल्शियमचा, मुतखड्याचा आणि स्पायरोनोलॅक्टोन वेगळे का वागते याचा. युरिक ॲसिडचा चौथा प्रश्न पेन्सिलने लिहिला आहे. सोमवारी तासानंतर सरांना ती ओळ दाखवून विचारीन आणि उत्तर इथे टाकीन. एकतिसाव्या स्लाइडवरही असाच एक तक्ता आहे आणि त्यात पोटॅशियमची ओळच नाही, सोडियम आणि बायकार्बोनेट एवढेच आहे. सोडियमवरून रक्त की लघवी हे ओळखता येईल का?

जुना_खल
सोडियमवर भिस्त ठेवू नका, बायकार्बोनेट पाहा. ॲसिटाझोलामाइडखाली बाण वर असेल तर लघवी, खाली असेल तर रक्त, कारण ते औषध बायकार्बोनेट लघवीत घालवते आणि रक्त आम्लाकडे झुकते.