मदत हवी आहे: एकल मालकीचा व्यवसाय नव्या कंपनीने घेतला, गुडविल येते की भांडवली राखीव?

कच्चीखतावणी:
एका मालकाचा चालू व्यवसाय नवी कंपनी घेते आहे. मालकाचा ताळेबंद असा आहे.

देणी: भांडवल ९,००,०००, धनको १,८०,०००, थकीत खर्च २०,०००, बँक कर्ज २,००,०००.
मालमत्ता: इमारत ४,००,०००, यंत्रे ३,००,०००, साठा २,५०,०००, ऋणको २,००,०००, गुडविल ५०,०००, बँकेतील शिल्लक १,००,०००.
दोन्ही बाजू १३,००,०००.

बँकेतील शिल्लक आणि बँक कर्ज मालकाकडेच राहणार. बाकी सगळे कंपनी घेते. ठरलेल्या किमती: इमारत ५,५०,०००, यंत्रे २,७०,०००, साठा २,३०,०००. ऋणकोंवर ५ टक्के बुडीत तरतूद करायची आहे. मोबदला म्हणून १० रुपये दर्शनी किमतीचे ६०,००० शेअर १५ रुपयांना, १,५०,००० चे कर्जरोखे आणि १,००,००० रोख.

माझ्या हिशेबात भांडवली राखीव २,४०,००० येते. सरांच्या कच्च्या कागदावर गुडविल १,१०,००० आहे. साडेतीन लाखांचा फरक कुठे पडला ते कळत नाही.

रोजमेळ:
एवढे आकडे कशाला मांडलेत? मोबदल्यातून मालकाचे भांडवल वजा करा, उरेल ते गुडविल. ११,५०,००० वजा ९,००,०००, म्हणजे २,५०,०००. सरांचाही आकडा चुकलाय.

जुनी_वही:
रोजमेळ, तुमची रीत एकाच परिस्थितीत बरोबर ठरते: सगळी मालमत्ता आणि सगळी देणी पुस्तकी किमतीला घेतली आणि ताळेबंदात जुने गुडविल नसले तर. मगच भांडवल आणि निव्वळ मालमत्ता एक असतात. इथे तसे काहीच नाही. भांडवलातून ५०,००० चे जुने गुडविल आणि कंपनीकडे न येणारी १,००,००० ची शिल्लक काढावी लागेल. बँक कर्ज कंपनी उचलत नाही, म्हणून ते २,००,००० परत मिळवावे लागतील. शिवाय किमती बदलल्याने इमारतीत दीड लाख वाढतात आणि यंत्रे, साठा, ऋणको यांत मिळून ६०,००० घटतात. एवढे केल्यावर ९,००,००० चे १०,४०,००० होतात. मोबदल्यातून वजा करायचा आकडा हा.

कच्चीखतावणी, आता तुमचे साडेतीन लाख. त्यात दोन चुका आहेत. शेअर तुम्ही १० ने धरले, म्हणजे ६,००,०००. मोबदला मोजताना शेअर ज्या किमतीला दिला ती किंमत घ्यायची. १५ ने ९,००,००० होतात. तिथे तीन लाख गेले. उरलेले ५०,००० म्हणजे जुने गुडविल, ते तुम्ही मालमत्तेत मोजले असणार. ते घेतले की तेवढीच निव्वळ मालमत्ता फुगते. जुन्या गुडविलसाठी ठरलेली किंमत वेगळी दिलेली नाही, म्हणून ते शून्य धरायचे. नवे गुडविल वजाबाकीतूनच बाहेर पडते.

मालमत्ता: ५,५०,००० + २,७०,००० + २,३०,००० + १,९०,००० = १२,४०,०००
वजा धनको व थकीत खर्च २,००,०००, निव्वळ १०,४०,०००
मोबदला: ९,००,००० + १,५०,००० + १,००,००० = ११,५०,०००
गुडविल १,१०,०००

कच्चीखतावणी:
हो, दोन्ही चुका तशाच केल्या होत्या. पण शेअरचे ५ रुपये तर कंपनीच्या प्रीमियम खात्यात जातात. मग ते मोबदल्यात कसे?

जुनी_वही:
प्रीमियम कुठे जमा होतो हा कंपनीच्या भांडवलाच्या बाजूचा विषय. मालकाला काय मिळाले हा वेगळा. त्याच्या हातात १५ रुपयांचा शेअर पडतो. कंपनीच्या पुस्तकात विक्रेत्याचे खाते ११,५०,००० ने जमा होते आणि ते फेडताना नावे पडते. त्यासमोर शेअर भांडवल ६,००,०००, प्रीमियम ३,००,०००, कर्जरोखे १,५०,००० आणि बँक १,००,००० जमा. दर्शनी किमतीनेच थांबलात तर विक्रेत्याचे खाते बंद होणार नाही, तीन लाख लोंबकळत राहतील. खाते बंद झाले नाही तर आधी इथेच पाहायचे.

आणखी एक: ऋणको १,९०,००० ने लिहू नका. २,००,००० नावे आणि १०,००० बुडीत तरतूद जमा, असे दोन आकडे ठेवा. नाहीतर वसुलीच्या वेळी ग्राहकांची वैयक्तिक खाती जुळणार नाहीत.

पडताळा मालकाच्या पुस्तकात मिळतो. रिअलायझेशन खात्यात बँक सोडून १२,००,००० ची मालमत्ता पुस्तकी किमतीने नावे. जुने गुडविलही त्यातच, इथे ते सोडायचे नाही. जमेला देणी २,००,००० आणि मोबदला ११,५०,०००. नफा १,५०,०००, म्हणून भांडवल १०,५०,००० होते. बँकेत आधीचे लाख आणि कंपनीचे लाख, त्यातून कर्ज फिटते, शिल्लक शून्य. हातात ९,००,००० चे शेअर आणि १,५०,००० चे कर्जरोखे. बरोबर १०,५०,०००. आपला हिशेब इथे मिटतो.

दोनकॉलम:
माझ्याकडे थोडे वेगळे प्रकरण आहे. कंपनी ऋणको घेत नाही, पण मालकाच्या वतीने वसूल करून देणार आणि त्यावर कमिशन घेणार. ते ऋणको गुडविलच्या हिशेबात धरायचे का?

जुनी_वही:
नाही. ते पैसे कंपनीचे होत नाहीत, ती नुसती वसूलदार. विक्रेत्याचे ऋणको आणि त्यासमोर सस्पेन्स खाते अशी जोडी उघडायची. वसुली झाली की पैसे येतात, कमिशन वजा करून उरलेले विक्रेत्याला द्यायचे. बुडीत निघाले तरी नुकसान विक्रेत्याचे. गुडविलला या कशाचाच स्पर्श होत नाही.

रोजमेळ:
मूळ उदाहरणात कंपनीनेच बँकेला दोन लाख परस्पर भरले तर? तेही मोबदल्यात ना?

जुनी_वही:
दोन रीतींनी मांडता येते. कर्ज कंपनीने घेतलेले देणे धरले तर निव्वळ मालमत्ता ८,४०,००० होते. मालकाच्या वतीने दिलेले पैसे धरले तर मोबदला १३,५०,०००. दोन्हीकडे गुडविल ३,१०,००० येते. देणेही वजा केले आणि मोबदल्यातही मिळवले तर ते ५,१०,००० दिसेल. ही दुहेरी मोजणी बऱ्याच कागदांवर सापडते.

मुद्रांकित:
हिशेब ठीक, पण त्या रोख लाखाकडे आणि कर्जरोख्यांकडे कोणी पाहिले का? प्राप्तिकर कायद्यात एकल मालकीचे कंपनीत रूपांतर करताना भांडवली नफ्याला सूट आहे, पण मोबदला फक्त शेअरमध्ये असावा, सगळी मालमत्ता आणि देणी कंपनीकडे जावीत आणि मालकाकडे किमान ५० टक्के मतदान हक्क पाच वर्षे राहावेत. इथे बँक आणि कर्ज मागे ठेवलेय, वर रोखही दिलीय.

जुनी_वही:
मुद्दा खरा आहे. त्याने गुडविलचा आकडा बदलत नाही, पण व्यवहाराची रचना बदलू शकते. करार अजून झालेला नसेल तर सरांना आधी हे विचारा.

दोनकॉलम:
मालकच कंपनीचा बहुमताचा भागधारक असेल तर हे गुडविल दाखवावे का, हाही प्रश्न आहेच. १५ रुपये किंमत त्यानेच ठरवली, म्हणजे गुडविलही त्यानेच ठरवले.

जुनी_वही:
त्यावर माझेही मत पक्के नाही. १५ मागे मूल्यांकनाचा अहवाल असेल तर दाखवा. नसेल तर लेखापरीक्षक तिथेच बोट ठेवणार.

कच्चीखतावणी:
करार अजून मसुद्यातच आहे. शेअरची किंमत कशावरून ठरली ते सरांना विचारते आणि इथे लिहिते.