मदत हवी आहे: टेपने मोजलेलं क्षेत्र खसऱ्यातल्या रकब्यापेक्षा कमी येतंय (इंदूर)

सराफा_रात्री
राऊच्या पुढे आजोबांचा छोटा प्लॉट आहे, समोर रस्ता अन मागे नाला, नाल्याकडची मेड वाकडीतिकडी. खसऱ्यात रकबा 0.122 हेक्टर म्हणजे 1220 चौरस मीटर. रविवारी मी अन भाच्याने 30 मीटरचा टेप घेऊन रस्त्याकडची सरळ बाजू 56 मीटर धरली, दर 10 मीटरला मागच्या मेडेपर्यंत आडवी मापं घेतली: 18, 20.4, 23, 24.2, 22.6, 19.8 अन शेवटच्या टोकाला 16. सातांची सरासरी 20.57 गुणिले 56, आले 1152. मग पटवाऱ्याकडच्या नकाशाच्या झेरॉक्सवर (1:4000) ग्राफ ट्रेसिंग ठेवून मिलिमीटरचे चौकोन मोजले तर 71, म्हणजे 71 × 16 = 1136. दोन्हीकडे कमीच येतंय म्हणजे शेजाऱ्याने मेड सरकवली असंच ना?

लष्करवाला
आमच्या ग्वाल्हेरला काकांचं असंच झालं होतं, भिंतीवरून सहा वर्षं बोलणं बंद. सरळ तहसीलमध्ये सीमांकनाचा अर्ज टाक, कलम 129 खाली, टेपबिपच्या नादी लागू नको.

मांडवीकर
उतार! नाल्याकडे जमीन उतरत असणार, टेप उतारावर ठेवला की क्षेत्र कमी येतं. आणि सरासरी नको, वाकड्या बाजूचं क्षेत्र काढायचा सिम्प्सनचा नियम लाव, मागची बाजू गोल आहे ना.

जुना_ओव्हरसियर
मांडवीकर, उतारावर टेप टाकला की माप जास्त येतं, कमी नाही. 24 मीटरमध्ये दीड मीटर उतार असेल तर साधारण 5 सेंटीमीटर जास्त. म्हणजे उताराने हिशेब उलट्या बाजूला जातो.

सराफा, तुझं पहिलं चुकलंय ते सरासरीत. टोकाच्या दोन मापांना अर्धंच वजन असतं, तू पूर्ण दिलंस, आणि ती दोन्ही सगळ्यात लहान, म्हणून उत्तर खाली आलं. वर शेवटचा तुकडा 10 चा नाही, 6 चा आहे. प्रत्येक पट्टा वेगळा काढ, दोन मापांची सरासरी गुणिले पट्ट्याची रुंदी: 192, 217, 236, 234, 212 आणि शेवटचा 17.9 × 6 = 107.4. बेरीज 1198.4.

सिम्प्सन चालेल, पण समान रुंदीचे पट्टे सम संख्येत लागतात. इथे 10 चे पाचच आहेत, म्हणून पहिल्या चारांनाच लावता येईल. तिथे 879 चे 883 होतात, उरलेले दोन तसेच ठेवले की एकूण 1203 च्या आसपास. चार मीटरसाठी एवढा खटाटोप, बघा बुवा.

आता नकाशा. झेरॉक्सवर खाली स्केलपट्टी छापली असेल तर आधी ती मोज.

सराफा_रात्री
काका, 400 मीटरची पट्टी आहे, ती 100 मिमी हवी ना? फूटपट्टीने 96.5 भरतेय 😐

जुना_ओव्हरसियर
मग झेरॉक्सच आखूड झालाय. लांबी साडेतीन टक्के कमी, पण क्षेत्रात ते दोनदा लागतं. 71 ला 100/96.5 ने दोनदा गुण, 76.2 चौकोन, म्हणजे जवळपास 1220. लगेच नाचू नकोस. या स्केलवर तुझा अख्खा प्लॉट 14 मिमी लांब, एक चौकोन इकडचा तिकडे मोजलास की 16 चौरस मीटर हलले, आणि पेन्सिलची रेघ अर्धा मिमी जाड असेल तर जमिनीवर ते 2 मीटर. नकाशावरून मोठी चूक सापडते, पंधरावीस मीटरची भांडणं सुटत नाहीत. तुझी दोन चुकीची उत्तरं एकमेकांशी जुळली म्हणून शेजारी चोर ठरला होता.

आता एक विचारतो, 16 मीटरवालं शेवटचं माप बाजूच्या मेडेला धरून घेतलंस की रस्त्याच्या रेषेला काटकोनात?

सराफा_रात्री
काटकोनात, टेप डावीउजवीकडे फिरवून सगळ्यात कमी भरलं तेच लिहिलं, भाच्याला यूट्यूबवर दिसलं होतं. पण त्या बाजूची मेड जरा बाहेर झुकलीये, कोपऱ्याचा दगड एक-दोन मीटर पलीकडे आहे.

जुना_ओव्हरसियर
भाचा हुशार आहे. पण मग त्या मेडेपर्यंतचा त्रिकोण राहिला की रे! दगड जितके मीटर बाहेर, तितक्यांदा 8 चौरस मीटर. जाऊन नीट मोज. आणि रकबा तीनच दशांशात लिहिलाय, 0.122 म्हणजे 1215 ते 1225 मधलं काहीही.

लष्करवाला
पण नाल्याने स्वतःच मेड खाल्ली असेल तर? आमच्या इथे दर पावसाळ्यात खातो. अन वाद झालाच तर आर.आय., म्हणजे महसूल निरीक्षक, तुमचा टेप मानणार नाही.

सराफा_रात्री
ते आहेच. रविवारी परत जातो, दगडाचं माप टाकतो इथेच. शेजाऱ्याला अजून काही बोललो नव्हतो, नशीब.